दोन याद्यांच्या मधली सात घरे: परिशिष्ट-२ मध्ये आईचे नाव येईपर्यंत

मुंबईच्या पूर्व उपनगरातील आमच्या वस्तीत झोपडपट्टी पुनर्वसन योजनेची हालचाल २०१८ साली सुरू झाली आणि पात्र झोपडीधारकांच्या यादीत आईचे नाव यायला २०२१ चा जुलै उजाडला. या काळात आईला कोणीही अपात्र ठरवले नव्हते. तिचे नाव कोणत्याच यादीत नव्हते, आणि ही स्थिती अपात्र ठरण्याहून अवघड असते, हे मला हळूहळू कळत गेले. अपात्र माणसाच्या हातात निदान एक आदेश असतो आणि त्याविरुद्ध अपील करता येते. ज्याचे नावच नाही, त्याच्याकडे दाद मागण्यासाठी काही कागदच नसतो. आमच्यासारखी आणखी कुटुंबे ठिकठिकाणी असणार, म्हणून सारा क्रम लिहून ठेवत आहे. ज्या दोन यंत्रणांच्या जमिनींवर आमची वस्ती आहे, त्यांची नावे मी देत नाही. त्यांना पहिली आणि दुसरी यंत्रणा एवढेच म्हणते.

आमची चाळ टेकडीच्या उतारावर आहे. वडिलांनी १९८४ साली इथे पत्र्याची खोली घेतली, पुढे भिंती विटांच्या झाल्या, पोटमाळा चढला. वस्ती महाराष्ट्र झोपडपट्टी अधिनियम, १९७१ च्या कलम ४ खाली घोषित आहे आणि त्या राजपत्राची प्रत आमच्या मंडळाच्या कपाटात कित्येक वर्षे होती. ‘घोषित’ असण्याचा अर्थ मला लहानपणी कळत नव्हता. टेकडीच्या पलीकडे रेल्वेच्या जमिनीवरची वस्ती पाहिली की तो कळतो. तिथली माणसे आमच्याइतकीच जुनी आहेत. परंतु जमीन केंद्र सरकारच्या अखत्यारीतली, त्यामुळे ना घोषणा, ना झोपडीधारकाचे छायाचित्र असलेला फोटोपास, आणि नळजोडणीचा अर्ज केला की जमीनमालकाचे ना-हरकत पत्र आणा, असे उत्तर. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये असे सांगितले की झोपडी अनधिकृत असली तरी तिथल्या माणसांना पिण्याचे पाणी नाकारता येणार नाही. तरीही पलीकडच्या बायका आमच्या सामायिक नळावर हंडे घेऊन येतच राहिल्या, कारण निकाल लागला म्हणून जमिनीचा मालक बदलत नाही.

२०१८ च्या पावसाळ्यानंतर नियोजित गृहनिर्माण संस्थेची सभा झाली. नव्या विकास नियंत्रण नियमावलीनुसार ५१ टक्के झोपडीधारकांची संमती पुरेशी होती आणि घर ३०० चौरस फूट चटई क्षेत्राचे मिळणार होते, जुन्या नियमात ते २६९ होते. संमती लवकर गोळा झाली. त्यानंतर येते ते परिशिष्ट-२. योजनेच्या जमिनीवर कोणती झोपडी आहे, तिचा वापर निवासी की अनिवासी, क्षेत्र किती, धारक कोण, त्याने कोणते पुरावे दिले आणि तो पात्र की अपात्र, हे सारे त्या तक्त्यात एकेका ओळीत लिहिलेले असते. घर रिकामे केल्यावर मिळणारे भाडे, योजनेच्या मंजुरीचे इरादापत्र, नव्या घरांची सोडत, ताबा, पुढचे सगळे त्या एका ओळीवर चालते.

परिशिष्ट-२ पुनर्वसन प्राधिकरण तयार करते असा वस्तीत सर्वांचा समज होता. तेव्हाच्या पद्धतीत ते काम जमीन ज्याची त्याच्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे होते. शासकीय जमिनीसाठी उपजिल्हाधिकारी, अतिक्रमण व निष्कासन. पालिकेच्या जमिनीसाठी पालिकेचा अधिकारी. म्हाडाच्या जमिनीसाठी म्हाडाचा. एकाच योजनेत दोन मालकांच्या जमिनी असतील तर दोन अधिकारी, दोन सर्वेक्षणे आणि दोन याद्या. रहिवाशांच्या दृष्टीने वस्ती एक असते. कागदावर तिचे तुकडे असतात आणि ते तुकडे कुठे जोडले जातात हे पाहण्याची जबाबदारी कोणाचीच नसते.

डिसेंबर २०१८ मध्ये पहिल्या यंत्रणेचे पथक खालच्या रस्त्याकडून वर आले. त्यांनी दारांवर लाल रंगाने क्रमांक टाकले आणि सामायिक नळाशी येऊन थांबले. महिन्याभराने दुसऱ्या यंत्रणेचे पथक वरच्या सार्वजनिक शौचालयापासून खाली आले. त्यांचे क्रमांक निळे होते आणि ते पिंपळाच्या पारापाशी संपले. नळ आणि पार यांच्यामध्ये सात घरे आहेत. त्या सात दारांवर ना लाल आकडा ना निळा. मी पथकातल्या मोजणीदाराला विचारले, तेव्हा तो सभ्यपणे म्हणाला, “ताई, आमच्या नकाशात हद्द पारापर्यंतच आहे. तुमची घरे त्यांच्या यादीत असतील.” लाल रंगवाल्यांनीही नेमके हेच सांगितले होते.

एप्रिल २०१९ मध्ये दोन्ही प्रारूप याद्या लागल्या आणि हरकतींसाठी मुदत दिली गेली. सातही घरे दोन्हींत नव्हती. शेजारच्या मावशी त्या दिवशी घरात चूल न पेटवता बसून होत्या. आईने मात्र लोखंडी पेटीतून सारे कागद काढून खाटेवर मांडले: वडिलांच्या नावाचा १९९८ चा फोटोपास, सेवाशुल्काच्या पावत्या, विजेची बिले, माझा शाळा सोडल्याचा दाखला. आमच्याकडे पुरावे होते. ते कोणापुढे मांडायचे हे कळत नव्हते.

दोन्ही कार्यालयांत मुदतीच्या आत हरकत अर्ज दिले. यात एक गोष्ट प्रत्येकाने करावी. अर्जात “आमचे नाव समाविष्ट करावे” एवढेच लिहून थांबू नये. “आमची झोपडी आपल्या अखत्यारीतील जमिनीवर नसल्यास तसे नगर भूमापन क्रमांकासह लेखी कळवावे” हे वाक्य जोडावे, आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घ्यावा. पुढे हीच शिक्क्याची प्रत कामी आली, कारण मुदतीत हरकत आलीच नव्हती असे एका कार्यालयाने नंतर सांगितले. तोंडी उत्तर दोन्हीकडे एकच मिळत राहिले: तुमचे घर आमच्याकडे नाही.

मग मी जमिनीकडे वळले. नगर भूमापन कार्यालयातून आमच्या भागाच्या मिळकत पत्रिका आणि नकाशाचे उतारे काढले. पत्रिका आता ऑनलाइनही मिळते, पण क्रमांक माहीत असेल तरच. आपल्याला क्रमांक माहीत नसेल तर संस्थेच्या वास्तुविशारदाकडे योजनेचा नकाशा असतो, त्यावर सारे क्रमांक लिहिलेले असतात. तो पाहायला मागावा. उताऱ्यांवरून दिसले की चाळीच्या खाली एक क्रमांक, वर दुसरा, आणि दोन्हींच्या मालकी सदरात वेगवेगळी यंत्रणा. हद्दीची रेघ आमच्या गल्लीतूनच तिरकी जात होती.

दोन्ही कार्यालयांत माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करून सर्वेक्षणासाठी वापरलेल्या नकाशांच्या प्रती मागितल्या. अर्जाचे शुल्क दहा रुपये, प्रतीचे पानाला दोन रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. एका ठिकाणी मुदत उलटल्यावर प्रथम अपील करावे लागले, तेव्हा नकाशा आला. दोन्ही नकाशे खिडकीच्या काचेवर एकावर एक धरले आणि गोंधळ डोळ्यांना दिसला. पहिल्या यंत्रणेने हद्द नळाच्या रेषेत धरली होती, दुसरीने पाराच्या रेषेत. मधला पट्टा दोघींनी एकमेकींच्या पदरात टाकला होता. कोणी आमचे नाव मुद्दाम गाळले नव्हते, हे कळल्यावर आईच्या मनावरचे मोठे ओझे उतरले. तोपर्यंत तिला वाटत होते की कोणाला पैसे न दिल्याने हे झाले.

हद्द ठरवायची तर संयुक्त मोजणी हवी, आणि मोजणीचा अर्ज जमिनीचा धारक करतो. आम्ही झोपडीधारक, म्हणजे जमिनीचे धारक नव्हे. वैयक्तिक अर्ज करण्यात आमचे काही महिने गेले असते. संस्थेच्या एका ज्येष्ठ काकांनी योग्य वाट दाखवली. संस्थेने पुनर्वसन प्राधिकरणाला पत्र दिले, त्याला दोन्ही नकाशे आणि सात घरांची छायाचित्रे जोडली, आणि प्राधिकरणाने दोन्ही यंत्रणांना संयुक्त मोजणी करण्यास कळवले. मोजणीचे शुल्क योजनेच्या खर्चातून भरले गेले. पत्र फेब्रुवारी २०२० मध्ये निघाले. मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि सारे थांबले.

त्या वर्षाचा ताण यादीपेक्षा पाण्याचा आणि शौचालयाचा अधिक होता. आमच्या सार्वजनिक शौचालयाच्या दोन खोल्यांचे छत गळत होते आणि मलटाकी भरून वाहत होती. वस्त्यांमधली अशी शौचालये, पायवाटा, संरक्षक भिंती पुष्कळदा म्हाडाचे झोपडपट्टी सुधार मंडळ आमदार-खासदार निधीतून बांधते. पाणी, मलनिस्सारण आणि साफसफाई पालिकेकडे असते. जमिनीची परवानगी तिसऱ्याकडे. दुरुस्तीचा अर्ज घेऊन गेलो की सगळीकडे एकच उत्तर ऐकू येई: इथे पुनर्वसन योजना मंजुरीच्या टप्प्यावर आहे, मग नव्याने खर्च कसा दाखवायचा? योजना कागदावर सुरू झाली की वस्तीतल्या सेवांवरचा खर्च आटतो आणि योजना प्रत्यक्षात यायला वर्षे लागतात. या मधल्या काळाची किंमत रहिवासी भरतात. आम्ही घरटी वर्गणी काढून टाकी खासगी गाडीकडून उपसून घेतली. माझे आजही असे ठाम मत आहे की इमारतीचा ताबा मिळेपर्यंत मूलभूत सेवांची जबाबदारी कोणत्या एका यंत्रणेची, हे इरादापत्रातच लिहिलेले असले पाहिजे.

संयुक्त मोजणी जानेवारी २०२१ मध्ये झाली. दोन्ही यंत्रणांचे प्रतिनिधी, भूमापक, संस्थेचे सचिव आणि आम्ही सात घरांतली माणसे हजर होतो. भूमापकाने खुणा केल्या तेव्हा चार घरे पूर्ण पहिल्या जमिनीवर आली, दोन पूर्ण दुसऱ्या जमिनीवर, आणि आमच्या घरातून रेघ गेली. स्वयंपाकाची जागा एका यंत्रणेची, बाहेरची खोली दुसऱ्या यंत्रणेची. त्यावर तिथेच चर्चा झाली आणि ज्या जमिनीवर झोपडीचे अधिक क्षेत्र आहे, त्या यंत्रणेने तिची नोंद घ्यावी असे इतिवृत्तात लिहिले गेले. इतिवृत्तावर सह्या झाल्याखेरीज आम्ही जागचे हललो नाही आणि त्याची छायाप्रत संस्थेकडून त्याच आठवड्यात घेतली. अधिकारी बदलतात, इतिवृत्त नसते तर नव्या अधिकाऱ्यापुढे सगळे पहिल्यापासून सांगावे लागले असते. मार्चमध्ये तसेच घडले, आणि कागद दाखवून पाच मिनिटांत विषय संपला.

आता आम्ही एका यंत्रणेचे झालो आणि खरी पात्रतेची तपासणी सुरू झाली. मूळ तरतूद १ जानेवारी १९९५ पर्यंतच्या झोपड्यांसाठी होती. २०१४ च्या दुरुस्तीने ती तारीख १ जानेवारी २००० झाली. त्यामुळे दोन गोष्टी दाखवाव्या लागतात. त्या तारखेपूर्वी ही झोपडी होती आणि आपण तिथे होतो, ही पहिली. आजही आपणच तिथे राहतो, ही दुसरी. आजच्यासाठी वीजबिल आणि आधारपत्र होते. जुन्यासाठी १९९५ च्या मतदार यादीचा साक्षांकित उतारा मतदार नोंदणी कार्यालयातून काढला. त्यासाठी विधानसभा मतदारसंघ, यादी भाग क्रमांक आणि अनुक्रमांक लागतो. चाळीतल्या ज्याच्याकडे जुने उतारे आहेत, त्याच्याकडून भाग क्रमांक मिळाला की शोध निम्मा होतो.

उतारा मिळाला, पण त्यावर पत्ता चाळीच्या जुन्या नावाने होता. २००३ च्या सुमारास मंडळाने नाव बदलून ‘नगर’ केले आणि वीजबिल नव्या नावाने येते. तपासणाऱ्या लिपिकाला ही दोन ठिकाणे वाटली आणि त्याचा प्रश्न रास्त होता. दोन्ही पत्त्यांना जोडणारा कागद हवा होता. तो निघाला फोटोपासच्या मागच्या बाजूला: पास मूळचा जुन्या नावाचा, आणि पुढे सेवाशुल्क भरताना त्यावर नव्या नावाची नोंद शिक्क्यासह झालेली. आईने तो पास प्लास्टिकच्या पिशवीत घालून जपला होता, म्हणून शिक्का वाचता आला. ज्यांच्या वस्तीचे, रस्त्याचे किंवा चाळीचे नाव बदलले आहे, त्यांनी असा जोडणारा कागद आधीच शोधून ठेवावा. पुष्कळ नावे ‘पत्ता जुळत नाही’ या शेऱ्यावर अडकतात.

फोटोपास वडिलांच्या नावे आणि ते २०११ साली वारले. त्यांचा मृत्यू दाखला, आईच्या नावाचे शिधापत्रक आणि आम्हा भावंडांचे ना-हरकत प्रतिज्ञापत्र जोडले. साक्षांकन, नोटरी, छायाप्रती आणि प्रवास मिळून या टप्प्यावर साधारण चार हजार रुपये लागले. सर्वांत मोठा खर्च बुडालेल्या रोजाचा होता. भाऊ खाडा करून सुनावणीला आला.

सुनावणी मे २०२१ मध्ये झाली. मूळ कागद दाखवायचे आणि प्रतींचा संच द्यायचा. मी संचाला पृष्ठ क्रमांक घातले होते आणि वर एक यादी लावली होती: कोणत्या पानावर कोणता पुरावा, कोणत्या सालचा. अधिकारी मॅडमनी ती यादीच समोर धरून तपासणी केली आणि त्यांनी विचारलेला एकच प्रश्न पत्त्याचा होता. जुलैमध्ये पुरवणी परिशिष्ट-२ लागले. आईच्या नावापुढे ‘पात्र’ असा शेरा होता. ती अक्षरे ओळीने वाचते. तिने आपले नाव बोटाने शोधले, मग वडिलांच्या नावावर बोट ठेवले आणि बराच वेळ तिथेच उभी राहिली.

सातांपैकी पाच घरे पात्र ठरली. एका घराचा सर्वांत जुना पुरावा २००४ चा होता, त्यामुळे मोफत घरासाठी ते बसले नाही. २००० नंतर आणि १ जानेवारी २०११ पूर्वी आलेल्यांसाठी सशुल्क पुनर्वसनाची तरतूद आहे, तिची किंमत मे २०२३ मध्ये शासनाने अडीच लाख रुपये ठरवली. तोपर्यंत त्या कुटुंबाला आपल्याला किती पैसे उभे करायचे आहेत हे सांगणारे कोणी नव्हते. सातव्या घरातल्या मावशी अपात्र ठरल्या, कारण मतदार यादीत त्यांचे नाव माहेरच्या आडनावाने होते. पण त्यांच्या हातात लेखी आदेश होता. त्यांनी तीस दिवसांच्या आत अपील केले, विवाह नोंदणीचा दाखला आणि दोन्ही नावांचे राजपत्र जोडले, आणि पुढच्या वर्षी त्या पात्र ठरल्या. आम्ही दोन वर्षे ज्यासाठी झगडलो तो आदेश त्यांना पहिल्याच दिवशी मिळाला होता आणि त्यामुळे त्यांचा मार्ग सरळ राहिला.

घरे रिकामी करण्याची वेळ फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने प्राधिकरणाने विकासकांना दोन वर्षांचे भाडे आगाऊ जमा करण्याचे आणि तिसऱ्या वर्षाचे पुढील तारखांचे धनादेश देण्याचे बंधन घातले होते, त्याचा आम्हाला थेट लाभ झाला. त्याआधी स्थलांतरित झालेल्या शेजारच्या योजनेतली माणसे भाडे थकल्यामुळे घरमालकांपुढे हात जोडत होती. विकासकासोबतचा वैयक्तिक करारनामा सही करण्यापूर्वी मी त्यातला परिशिष्ट-२ चा अनुक्रमांक तपासला. तिथे मूळ यादीचा कोरा रकाना होता, पुरवणी यादीचा क्रमांक नव्हता. तो लिहून घेतल्यावरच आईने अंगठा आणि सही दिली.

सध्या आम्ही स्टेशनपलीकडे भाड्याच्या खोलीत आहोत आणि इमारतीचे काम चालू आहे. सोडत अजून व्हायची आहे. सोडतीची यादी मूळ परिशिष्टावरून तयार होते आणि पुरवणीतली नावे शेवटी जोडली जातात, म्हणून आम्ही सात घरांनी मिळून संस्थेला पत्र दिले आणि पुरवणी यादीतील सर्व पात्र धारक सोडतीच्या यादीत समाविष्ट आहेत, असे सचिवांच्या सहीचे उत्तर संस्थेच्या ठरावाच्या क्रमांकासह घेतले. त्याची एक प्रत प्राधिकरणाच्या आवक कक्षात दिली आहे आणि शिक्क्याची प्रत आईच्या पेटीत, फोटोपासच्या त्याच पिशवीत आहे.